कट बीटवर पडत नाहीत, लाइट सतत लुकलुकतात: म्युझिक व्हिडिओच्या प्रॉम्प्टमधला नेहमीचा घोळ आणि त्यावरचा उपाय

मजकुरावरून व्हिडिओ बनवणाऱ्या साधनांत म्युझिक व्हिडिओ करू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते. प्रॉम्प्ट साधारण असा असतो:

```
रिकाम्या गोदामात नाचणारी नर्तकी, जोरदार बीट,
बीटवर फास्ट कट, तालावर चमकणारे रंगीत लाइट,
म्युझिक व्हिडिओ स्टाइल, भरपूर एनर्जी
```

यातून जी क्लिप येते तिच्यात बहुतेक वेळा कट नसतातच. कॅमेरा नर्तकीभोवती संथपणे फिरत राहतो आणि मागचे लाइट पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत लुकलुकत राहतात. कधी कट येतात, पण भलत्याच जागी. कधी एक शॉट दुसऱ्यात विरघळतो, म्हणजे चेहरा पसरत पसरत पूर्ण आकृती होते. मग लोक प्रॉम्प्टमध्ये 'एकदम अचूक सिंक', 'परफेक्ट बीट' असे शब्द वाढवतात आणि पुन्हा तेच हाती येतं.

या पोस्टमध्ये फक्त मजकूर घेणाऱ्या साधनांचा विचार आहे. गाण्याची फाइल सोबत घेणारी साधनं वेगळी, त्यांचे प्रश्नही वेगळे.

असं का होतं

मॉडेलला तुमचं गाणं ऐकू येत नाही. त्याच्यापर्यंत फक्त शब्द पोचतात. 'जोरदार बीट' हे शब्द वाचून ते अशा शब्दांसोबत सहसा जे दिसतं ते दाखवतं: धूर, निळे-गुलाबी लाइट, हलता कॅमेरा. ताल म्हणजे कोणत्या क्षणी काय बदलायचं याचा हिशेब, आणि 'बीटवर' या शब्दात तो हिशेब कुठेच नाही. काही मॉडेल व्हिडिओबरोबर आवाजही तयार करतात, पण तो आवाज त्यांनी स्वतः बनवलेला असतो. तुमच्या गाण्याचा ठेका त्यात यायचं कारण नाही.

लाइट सतत लुकलुकतात त्याचं कारणही हेच आहे. 'तालावर चमकणारे लाइट' ही अख्ख्या क्लिपभर लागू होणारी अवस्था आहे, एका क्षणी घडणारी घटना नव्हे. मॉडेल ती अवस्था प्रामाणिकपणे पहिल्या सेकंदापासून दहाव्या सेकंदापर्यंत चालू ठेवतं. तुम्हाला हवा असतो बदल, आणि बदल सांगायला तीन गोष्टी लागतात: आधी काय होतं, नंतर काय झालं, आणि नेमकं कधी.

म्हणून उपायाचा गाभा असा: तालाचं वर्णन आधी सेकंदांत उतरवायचं, मग प्रत्येक महत्त्वाच्या मात्रेवर डोळ्यांना दिसेल असा एकच बदल ठरवायचा, आणि प्रॉम्प्टमध्ये तालाबद्दलची विशेषणं न लिहिता ते बदल लिहायचे.

तालाचं वर्णन सेकंदांत उतरवणं

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा गाणं बनवणाऱ्याने तुम्हाला असं वर्णन दिलंय: 'मध्यम लय, चार मात्रांचं आवर्तन. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जड किक, दुसऱ्या आणि चौथ्यावर टाळी. दोन आवर्तनं असंच चालतं. तिसऱ्या आवर्तनात ठेका दाट होतो आणि त्याची शेवटची मात्रा पूर्ण शांत जाते. चौथ्या आवर्तनाच्या समेवर सगळी वाद्यं एकदम येतात.'

यात टेम्पोचा आकडा नाही, तो काढावा लागतो. गाणं हाताशी असेल तर 15 सेकंदांत किती मात्रा पडतात ते मोजा आणि चारने गुणा. समजा 24 मात्रा पडल्या, तर टेम्पो 96 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 96 मात्रा. इथे एक जागा सांभाळायची. काही गाण्यांत पाय एका लयीत हलतो आणि हाय-हॅट त्याच्या दुप्पट वेगाने वाजत असतं. त्या वेगाने मोजलंत तर 192 हा आकडा येईल आणि पुढचा सगळा आराखडा दुप्पट घाईचा होईल. किक आणि टाळी यांच्यातलं अंतर एक मात्रा धरा, म्हणजे गोंधळ होत नाही.

आता 60 ला 96 ने भागा. एक मात्रा 0.625 सेकंदाची, चार मात्रांचं आवर्तन 2.5 सेकंदांचं, आणि चार आवर्तनं बरोबर 10 सेकंदांची. साधनात 10 सेकंदांची क्लिप मिळत असेल तर हा तुकडा तिच्यात तंतोतंत बसतो. सेकंदाला 24 फ्रेमच्या क्लिपमध्ये एक मात्रा म्हणजे बरोबर 15 फ्रेम, हेही सोयीचं.

सगळे टेम्पो इतके सरळ नसतात. 120 ला मात्रेमागे 12 फ्रेम येतात, 90 ला 16, 80 ला 18. पण 100 बीपीएमला 14.4 फ्रेम येतात आणि चूक इथेच शिरते. प्रत्येक मात्रा 14 फ्रेमची धरून पुढे मोजत गेलात, तर दहा मात्रांनंतर तुम्ही 140 व्या फ्रेमवर असता, गाणं मात्र 144 व्या फ्रेमवर पोचलेलं असतं. चार फ्रेमचा फरक डोळ्याला खटकतो. त्यामुळे फ्रेमचा आकडा प्रत्येक मात्रेला गोल करू नका. सुरुवातीपासून एकूण वेळ काढा आणि शेवटी एकदाच गोल करा.

हिशेबाला बसण्याआधी तुमचं साधन सेकंदाला किती फ्रेमची क्लिप देतं ते तपासा. हाच 96 चा टेम्पो 30 फ्रेमच्या क्लिपमध्ये मात्रेमागे 18.75 फ्रेम देतो, तेव्हा 24 साठी केलेला तक्ता तिथे चालत नाही. जुनी क्लिप हाताशी असेल तर टर्मिनलमध्ये चालवायची ही आज्ञा फ्रेमदर सांगते, त्यासाठी ffmpeg हे मोफत साधन कॉम्प्युटरवर असावं लागतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate -of csv=p=0 clip.mp4
```

कोणत्या मात्रेवर कट, कोणत्या मात्रेवर लाइट

दहा सेकंदांत सोळा मात्रा आहेत. सोळाही मात्रांवर कट मागितले तर काहीच धड येत नाही. माझ्या अनुभवात एका क्लिपमध्ये तीन ते चार शॉट हे मॉडेलला झेपणारं प्रमाण आहे. त्याहून जास्त सांगितले की ते दोन शॉट एकत्र करतं, एखादा गाळतं, किंवा एकाचं दुसऱ्यात रूपांतर करतं. एका सेकंदाहून लहान शॉट तर सहसा शॉट म्हणून उभाच राहत नाही.

म्हणून कट काटकसरीने वापरायचे आणि उरलेला ताल लाइटवर आणि शॉटच्या आतल्या हालचालीवर सोपवायचा. एकाच चालू शॉटमध्ये प्रकाश बदलणं हे कटपेक्षा सोपं काम आहे, कारण माणूस, जागा आणि कॅमेरा तेच राहतात. ताल दाखवायला तो बदल पुरतो.

आपल्या उदाहरणात पहिली दोन आवर्तनं स्थिर आहेत, म्हणून तिथे एकच लांब शॉट ठेवू, 0 ते 5 सेकंद. त्याच्या मधोमध, 2.5 सेकंदाला दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा येते, तिथे पहिला लाइटबदल. तिसऱ्या आवर्तनात ठेका दाट होतो, तेव्हा कटही दाट करायचे: 5.0 ला एक, 6.25 ला दुसरा. 6.25 म्हणजे त्या आवर्तनाची तिसरी मात्रा. शेवटची मात्रा शांत आहे, ती 6.875 ते 7.5 सेकंद. तिथे लाइट बंद, पूर्ण काळोख. 7.5 ला चौथ्या आवर्तनाची सम, तिसरा कट आणि समोरून सगळा प्रकाश. हा शॉट 10 सेकंदांपर्यंत चालतो.

म्हणजे शॉटची लांबी 5, 1.25, 1.25 आणि 2.5 सेकंद. दर 2.5 सेकंदांनी सारखे चार शॉट पाडले असते तर तेही तालात बसले असते, पण तिसऱ्या आवर्तनातली ओढ दिसली नसती. ठेका जिथे बदलतो तिथे शॉटची लांबी बदलली पाहिजे. माझ्या मते बहुतेक प्रॉम्प्ट इथेच फसतात: मोजणी अचूक असते, पण सगळे कट एकसारख्या अंतरावर असतात.

प्रॉम्प्ट

खाली मराठीत लिहिलाय. दुसऱ्या भाषेत टाइप करत असाल तरी रचना हीच ठेवा.

```
10 सेकंद, चार शॉट, मधे थेट कट. रिकामं काँक्रीटचं गोदाम,
काळ्या पोशाखातली एकच नर्तकी, केस घट्ट बांधलेले.

शॉट 1 (0-5.0 से.): लांबून, कॅमेरा स्थिर, नर्तकी पूर्ण दिसते.
फक्त मागून निळा प्रकाश, चेहरा अंधारात.
2.5 सेकंदाला डावीकडचा पिवळा लाइट एकाच क्षणी लागतो
आणि तसाच राहतो.

शॉट 2 (5.0-6.25): जमिनीलगत, उजव्या बाजूने, फक्त पावलं.
शॉटच्या सुरुवातीलाच उजवा पाय जमिनीवर आपटतो.
डावीकडून स्थिर पिवळा प्रकाश.

शॉट 3 (6.25-7.5): चेहऱ्याचा क्लोज-अप, समोरून.
डावीकडून पिवळा प्रकाश. 6.875 सेकंदाला सर्व प्रकाश
एकदम बंद, चित्र पूर्ण काळं.

शॉट 4 (7.5-10): खालून वर पाहणारा वाइड, हात वर फेकलेले.
समोरून तीव्र पांढरा प्रकाश, शॉटभर स्थिर.
```

यात 'बीट' हा शब्द एकदाही नाही. 'फास्ट' नाही, 'एनर्जी' नाही, 'चमकणारे' नाही. तालाची सगळी माहिती वेळ आणि बदल यांच्यात आली आहे. 'स्थिर' आणि 'तसाच राहतो' हे शब्द मुद्दाम घातलेत. लुकलुक टाळायची म्हणून 'लाइट लुकलुकू नयेत' असं लिहिलं की लुकलुकीचा उल्लेख होतो, आणि कित्येकदा तीच दिसायला लागते. नको असलेल्या गोष्टीचं नाव घेण्यापेक्षा हवी असलेली अवस्था लिहिणं जास्त लागू पडतं.

कट विरघळत असेल तर

दोन शॉटमध्ये माणूस तोच, अंतर जवळपास तेच आणि कोन जवळपास तोच असेल, तर मॉडेलला तिथे कट असल्याचं जाणवत नाही. ते चित्र हळूच पुढे सरकवतं किंवा एकातून दुसरं घडवतं. चित्रपटाच्या संकलनात जुना संकेत आहे की कटच्या दोन्ही बाजूंना कॅमेऱ्याचा कोन किमान 30 अंशांनी बदलावा, नाहीतर चित्र नुसतं उडी मारल्यासारखं वाटतं. इथे त्याहून कडक नियम पाळावा लागतो: प्रत्येक कटला शॉटचा आकार, कोन आणि प्रकाशाची दिशा यांपैकी किमान दोन गोष्टी बदला. वरच्या प्रॉम्प्टमध्ये पहिल्याकडून दुसऱ्या शॉटकडे जाताना आकार आणि कोन दोन्ही बदलतात. तिसऱ्याकडून चौथ्याकडे जाताना तिन्ही बदलतात आणि मधे काळोखही आहे. तो कट सहसा सर्वात स्वच्छ येतो.

तरीही विरघळत असेल तर शॉटचं वर्णन पुन्हा पहिल्यापासून लिहा. 'मग कॅमेरा पावलांकडे जातो' असं वाक्य असेल तर मॉडेल कॅमेरा खरोखरच तिकडे नेणार. 'मग', 'नंतर', 'तिथून' हे शब्द काढा. प्रत्येक शॉट स्वतंत्र चित्र असल्यासारखा लिहा: कुठून, किती जवळून, काय दिसतं, प्रकाश कुठून.

लाइट चुकत असेल तर

लाइटमध्ये तीन दोष वारंवार दिसतात, आणि तिघांचं मूळ वेगळं असतं.

पहिला, बदल हळूहळू होतो. 2.5 सेकंदाला पिवळा लाइट लागायला हवा होता, पण तो 2 ते 4 सेकंदांत हळूच उजळत गेला. इथे क्रियापद तपासा. 'प्रकाश पिवळा होतो' यात होण्याला वेळ आहे. 'लाइट एकाच क्षणी लागतो' यात नाही. त्यासोबत प्रकाशाचा उगम दिसू द्या. भिंतीवरचा दिवा किंवा स्टँडवरचा मोठा लाइट चित्रात असेल तर लागणं-विझणं ही त्या वस्तूला घडणारी घटना होते आणि मॉडेलला ती पकडता येते. नुसता 'वातावरणातला प्रकाश' पिवळा करायला सांगितलं की तो रंगाच्या लाटेसारखा येतो.

दुसरा, रंग शॉटच्या हद्दीबाहेर सांडतो. चौथ्या शॉटमधला पांढरा प्रकाश पहिल्याच शॉटमध्ये दिसायला लागतो. प्रॉम्प्टच्या पहिल्या ओळीत 'निळे, पिवळे आणि पांढरे लाइट' अशी यादी असेल तर हे हमखास होतं, कारण ती यादी सगळ्या शॉटना लागू होते. वरच्या ओळींत फक्त जागा आणि माणूस ठेवा, रंग त्या त्या शॉटच्या आत.

तिसरा, काळोख काळा होत नाही. 6.875 ला चित्र काळं हवं होतं, पण चेहरा अंधुक दिसत राहिला. चेहऱ्याचं वर्णन करून लगेच तो दिसू नये असं सांगितलं की मॉडेल चेहऱ्याच्या बाजूने झुकतं. यावर प्रॉम्प्टमध्ये झगडत बसू नका. तो काळोख एडिटिंगमध्ये घालणं सोपं आणि अचूक आहे, त्याचा हिशेब खाली येतोच.

लाइटच्या वेगाला एक कठोर मर्यादाही आहे. वेबवरच्या मजकुरासाठीच्या सुगम्यता नियमावलीनुसार, म्हणजे डब्ल्यूसीएजीनुसार, कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट असू नयेत, कारण प्रकाशसंवेदनशील अपस्मार असलेल्यांना त्यातून झटका येऊ शकतो. चित्राचा अगदी लहान भाग किंवा मंद बदल याला अपवाद आहे, पण पूर्ण पडदा उजळणारा स्ट्रोब अपवादात बसत नाही. 96 बीपीएमला दर मात्रेला एक झगमगाट म्हणजे सेकंदाला 1.6, तो मर्यादेत आहे. दर अर्ध्या मात्रेला घेतलात तर 3.2 होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. दाट ठेका दाखवायचा असेल तर तिथे लाइटऐवजी पावलं किंवा हात हलवा.

आलेली क्लिप मोजणं

क्लिप आली की नुसती गाण्यावर ठेवून 'जुळतंय की नाही' हे कानाने ठरवू नका. गाणं सोबत असलं की कान बऱ्याच चुका माफ करतो. आधी आवाज बंद ठेवून कट नेमके कुठे पडलेत ते काढा. एडिटरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहता येतं, किंवा ही आज्ञा चालवा:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "select='gt(scene,0.3)',showinfo" -f null -
```

जिथे चित्र एकदम बदलतं त्या प्रत्येक फ्रेमची ओळ ती छापते, त्यातला `pts_time` हा सेकंदांतला वेळ. काही कट सुटत असतील तर 0.3 ऐवजी 0.2 घाला. लाइट एकदम लागला किंवा विझला तर तोही या यादीत येऊ शकतो, म्हणून प्रत्येक वेळेपाशी जाऊन तो कट आहे की लाइट ते डोळ्याने बघा. कट विरघळला असेल तर तो यादीत दिसणारच नाही, आणि विरघळलेला कट ओळखायची ही चांगली खूण आहे.

समजा आपल्या उदाहरणात कट 4.875, 6.542 आणि 7.5 सेकंदाला सापडले. 24 ने गुणलं की फ्रेम 117, 157 आणि 180. हव्या होत्या 120, 150 आणि 180. पहिला कट तीन फ्रेम आधी पडलाय, दुसरा सात फ्रेम उशिरा, म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. तिसरा बरोबर. असा निकाल चांगला समजायचा. क्लिप पुन्हा पुन्हा बनवून या दहा फ्रेम सुधारायच्या मागे लागू नका, कारण पुढच्या खेपेला दुसरंच काहीतरी बिघडेल. शॉट चांगले आलेत ना, एवढं पाहा. जागा आपण नेमक्या करू.

एडिटिंगमध्ये नेमकं बसवणं

टाइमलाइनवर आधी गाणं टाका आणि 0, 60, 120, 150, 165 आणि 180 या फ्रेमवर मार्कर लावा. मग क्लिप तीन कटांवर कापून चार तुकडे करा.

पहिला तुकडा 117 फ्रेमचा आहे, हवा 120. त्याचा वेग 97.5 टक्के केला की तो पुरतो आणि नाचात फरक जाणवत नाही. तसं केल्यावर आतला लाइटबदल थोडा पुढे सरकतो, म्हणून तो 60 व्या फ्रेमच्या मार्करवर येतोय का ते पाहा. दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे असेल तर शॉट त्याच जागी दोन भागांत कापून दोन्ही भागांचा वेग वेगवेगळा ठेवा. पिवळा लाइट लागताना चित्र इतकं बदलतं की तिथली वेगाची सांध दिसत नाही.

दुसरा तुकडा 40 फ्रेमचा, हवा 30. आता कोणत्या 30 घ्यायच्या हा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. प्रेक्षकाचा डोळा कट मोजत नाही, तो आघात मोजतो. पाय जमिनीला टेकतो ती फ्रेम शोधा. समजा ती शॉटच्या सुरुवातीनंतर सहाव्या फ्रेमला येते. पहिल्या सहा फ्रेम काढून टाका, म्हणजे पाय आपटणं आणि कट एकाच मार्करवर येतील. उरलेल्या 34 मधून शेवटच्या चार काढा. सुरुवातीच्या सहा फ्रेम तशाच ठेवल्या असत्या तर कट अचूक असूनही पाऊल पाव सेकंद उशिरा पडलं असतं, आणि 'जुळत नाही' असं प्रत्येकाला वाटलं असतं, कारण मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. कट अचूक असूनही व्हिडिओ ढिला वाटतोय अशी तक्रार आली तर पहिल्यांदा हीच जागा तपासा.

तिसरा तुकडा 157 ते 180, म्हणजे फक्त 23 फ्रेमचा. हवा आहे 30. पण त्यातली शेवटची एक मात्रा, 15 फ्रेम, मुळात काळीच हवी होती. तेव्हा चेहऱ्याच्या सर्वात चांगल्या 15 फ्रेम निवडा, त्या 150 ते 165 वर ठेवा आणि 165 पासून 180 पर्यंत शुद्ध काळं घाला. काळोख नीट आला नव्हता तो प्रश्नही इथेच मिटतो, कारण एडिटरमधलं काळं पूर्ण काळंच असतं. चौथ्या तुकड्याला हात लावायची गरज नाही.

यानंतर गाण्यासोबत पाहा. सगळं मार्करवर असूनही कट किंचित उशिरा वाटत असेल तर ते कट एक किंवा दोन फ्रेम आधी सरकवा. अनेक संकलक हे सवयीने करतात. नवं चित्र ओळखायला डोळ्याला थोडा वेळ लागतो, त्यामुळे आघाताच्या आधी आलेलं चित्र आघातासोबत आल्यासारखं वाटतं. 7.5 चा कट मात्र मी सहसा हलवत नाही. काळोखानंतर प्रकाश येतो तेव्हा ओळखायचं काही नसतं, प्रकाश हाच आघात असतो, आणि तो आवाजाआधी आला तर उलट घाई झाल्यासारखं दिसतं.

प्रॉम्प्टमध्ये कट मागायचे कधी सोडावेत

दहा सेकंदांत चारांहून जास्त शॉट हवे असतील, किंवा एकही शॉट एका सेकंदाहून लहान हवा असेल, तर एका क्लिपमध्ये कट मागू नका. प्रत्येक शॉट वेगळा बनवा, चार-पाच सेकंदांचा, आणि त्यातून लागतील त्या बारा-पंधरा फ्रेम उचला. खर्च आणि वेळ वाढतो, पण आघाताची फ्रेम निवडायला जागा मिळते. किंमत सातत्यात मोजावी लागते: वेगवेगळ्या क्लिपमध्ये नर्तकीचा चेहरा आणि कपडे बदलू शकतात. साधन संदर्भ म्हणून चित्र घेत असेल तर सगळ्या शॉटना एकच चित्र द्या. नसेल तर माणसाचं आणि जागेचं वर्णन प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये शब्दशः तेच ठेवा, आणि लहान शॉटना पावलं, हात, सावली असे विषय द्या, म्हणजे चेहरा जुळवायचा प्रश्नच येत नाही.

पूर्ण गाण्यासाठी असे अनेक तुकडे जोडणार असाल तर प्रकल्पाचा फ्रेमदर सुरुवातीलाच ठरवा. 24 आणि 23.976 हा फरक दहा सेकंदांत पाव फ्रेमइतका, म्हणजे नगण्य. पण तीन मिनिटांत तो चार फ्रेमच्या वर जातो, आणि शेवटच्या कडव्यातले सगळे कट एकाच दिशेने सरकलेले दिसतात. चूक अशी पुढे पुढे वाढत जात असेल, तर दोष प्रॉम्प्टचा नसतो, फ्रेमदराचा किंवा टेम्पोच्या आकड्याचा असतो.

लय मधेच बदलणारं किंवा मुक्त आलापासारखं गाणं असेल तर बीपीएम काढूच नका. गाणं ऐकत जिथे बदल हवा तिथे मार्कर लावा, त्या मार्करचे सेकंद लिहून घ्या आणि तेच थेट शॉटच्या वेळा म्हणून प्रॉम्प्टमध्ये घाला. प्रॉम्प्टची रचना तीच राहते, आकडे तेवढे असमान होतात.